टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी कॉपी का करत नाही, आणि मग कॉपी-पेस्ट करायचं कसं

लिनक्स वापरायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. टर्मिनलमध्ये `wget` लावून साधारण पाच जीबीची एक आयएसओ फाइल उतरवत होतो. ऐंशी टक्के झालं होतं. तेवढ्यात मित्राचा मेसेज आला, "कुठली फाइल घेतोयस? नाव पाठव." मी माउसने फाइलचं नाव सिलेक्ट केलं आणि कंट्रोल-सी दाबलं. पडद्यावर `^C` उमटलं, डाउनलोड बंद पडलं आणि खाली प्रॉम्प्ट लुकलुकायला लागला. मित्राच्या चॅटमध्ये पेस्ट केलं तर सकाळी कॉपी केलेला वीजबिलाचा ग्राहक क्रमांक गेला.

पुढे मी आणखी एक घोळ घातला. तीच `wget` कमांड पुन्हा चालवली, तर त्याने अर्धवट फाइलकडे दुर्लक्ष करून शेवटी `.1` लावलेल्या नावाने दुसरी फाइल पहिल्यापासून उतरवायला घेतली. `wget -c` असं म्हटलं असतं तर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं असतं. हे कळेपर्यंत त्या दिवसाचा डेटा संपला होता.

माझ्या हाताखाली येणारं प्रत्येक नवीन पोर पहिल्या आठवड्यात हीच चूक करतं. "टर्मिनलमध्ये मधे शिफ्ट दाबायचं" एवढं सांगितलं की काम भागतं, पण दुसऱ्या मशीनवर गेलं की पुन्हा गोंधळ. म्हणून आधी कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग बटणं पाठ करायची, असा क्रम इथे ठेवला आहे.

काय लागेल

- उबंटू किंवा तत्सम लिनक्स असलेलं मशीन. मॅकवरही बरेच प्रयोग चालतील. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये उघडलेलं उबंटू चालेल.
- एक मोकळं टर्मिनल, ज्यात महत्त्वाचं काहीही चालू नाही. ही अट गंभीरपणे घ्या.
- `stty`, `sleep` आणि `od` या कमांड. त्या आधीपासूनच असतात, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको.

## १. आधी कंट्रोल-सी काय करतं ते बघा

मोकळ्या टर्मिनलमध्ये हे टाइप करून एंटर दाबा:

```
sleep 100
```

ही कमांड शंभर सेकंद नुसती बसून राहते. दोन-चार सेकंदांनी कंट्रोल-सी दाबा. `^C` दिसेल आणि प्रॉम्प्ट परत येईल. लगेच, मधे दुसरं काहीही न चालवता, हे विचारा:

```
echo $?
```

उत्तर `130` येईल. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक. कमांड एखाद्या सिग्नलने मेली असेल तर शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, १२८ मध्ये त्या सिग्नलचा क्रमांक मिळवून सांगतं. इथे १२८ अधिक २. दोन क्रमांकाच्या सिग्नलचं नाव `SIGINT`, म्हणजे "हातातलं काम थांबव" असा निरोप.

हा १३० लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतो. एखादी लांबलचक स्क्रिप्ट अर्ध्यात थांबलेली दिसली आणि मागे १३० सापडला, तर प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्याआधी बहुतेक कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं असणार हे गृहीत धरा. माझ्या अनुभवात तो "कुणीतरी" बऱ्याचदा आपणच असतो.

प्रॉम्प्टवर काहीच चालू नसताना कंट्रोल-सी दाबलं तर नुकसान कमी होतं. अर्धवट टाइप केलेली ओळ टाकून दिली जाते आणि नवीन प्रॉम्प्ट मिळतो. हे मुद्दाम वापरण्यासारखं आहे. लांब कमांड चुकली तर बॅकस्पेस बडवत बसण्यापेक्षा कंट्रोल-सी दाबून नव्याने सुरुवात करा.

## २. बटण दाबल्यावर टर्मिनलकडे काय जातं

खरी गंमत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ब्राउझर किंवा वर्ड प्रोसेसरमध्ये "कंट्रोल दाबलेलं असताना सी दाबलं" ही घटना प्रोग्रॅमला जशीच्या तशी कळते, आणि तो त्यावर हवं ते करतो. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला बटणं कळतच नाहीत. त्याच्याकडे एकामागून एक बाइट येतात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, आणि तेवढंच त्याला दिसतं. मग कंट्रोल-सीचा आकडा कोणता?

विचारूनच बघा. हे चालवा:

```
od -An -tu1
```

`od` आता तुमच्या टाइप करण्याची वाट बघत बसेल. या क्रमाने दाबा: कंट्रोल-व्ही, मग कंट्रोल-सी, मग टॅब, मग कंट्रोल-आय, मग एंटर आणि शेवटी कंट्रोल-डी. (सुरुवातीचं कंट्रोल-व्ही कशासाठी, ते सातव्या पायरीत येईल.) उत्तर असं येतं:

```
   3   9   9  10
```

कंट्रोल-सी म्हणजे ३. टॅब म्हणजे ९. आणि कंट्रोल-आय म्हणजेसुद्धा ९! टॅबचं बटण आणि कंट्रोल-आय यांत टर्मिनलच्या आतल्या प्रोग्रॅमला काडीचा फरक दिसत नाही. शेवटचा १० हा एंटरमुळे आलेला ओळ संपल्याचा खुणेचा आकडा.

हे आकडे येतात कुठून? १९६३ साली अमेरिकेत ॲस्की नावाचा कोड ठरला. त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. मोठा सी ६७, छोटा सी ९९. पहिले ३२ क्रमांक, ० ते ३१, अक्षरांसाठी नव्हते. ते टेलिप्रिंटरसारख्या यंत्रांना हुकूम द्यायला राखलेले होते: घंटी वाजव, कागद एक ओळ वर सरकव, मजकूर संपला. ३ या आकड्याचा ॲस्कीतला अर्थ "मजकूर समाप्त" असाच आहे. हे हुकूम कीबोर्डवरून पाठवता यावेत म्हणून कंट्रोलचं बटण आलं. ते अक्षराच्या आकड्यातले वरचे बिट पुसून टाकतं आणि फक्त खालचे पाच ठेवतं.

कागदावर मांडून बघा:

```
c = 99 = 11 00011
C = 67 = 10 00011
         -- 00011 = 3
```

डावीकडचे दोन बिट गेले की दोन्हींत उरतं ०००११, म्हणजे ३. छोटा आणि मोठा सी यांत फरक फक्त त्या पुसल्या गेलेल्या भागात होता. म्हणजे शिफ्ट दाबलं काय नि न दाबलं काय, कंट्रोल लागलं की निघणारा आकडा एकच.

टर्मिनलमध्ये कॉपी करायला शिफ्टच का, याचं उत्तर यातच आहे. जुन्या पद्धतीत कंट्रोल-शिफ्ट-सी याला स्वतंत्र अर्थच नव्हता, ती जागा मोकळी होती. पुढे ग्राफिकल पडद्यावर टर्मिनलची खिडकी बनवणाऱ्यांना कॉपीसाठी एक असं बटण हवं होतं, जे हिरावून घेतल्याने आतल्या कुठल्याही प्रोग्रॅमचं काही बिघडणार नाही. ही मोकळी जागा त्यांनी घेतली. आज उबंटूच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तर ते आतल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. खिडकीच ते अडवते आणि सिलेक्ट केलेलं कॉपी करते.

सापळा: ही सोय खिडकीची आहे, लिनक्सची नाही. `xterm` या जुन्या टर्मिनलमध्ये ही अडवणूक मुळात नाही. तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तरी ३ जातो आणि चालू काम थांबतं. अनोळखी मशीनवर बसलात तर आधी `sleep 100` लावून त्यावर दाबून बघा. झोप मोडली नाही तर पुढे जा.

## ३. पण ३ हा आकडा आला म्हणून काम थांबवतं कोण

मलाही बरेच दिवस वाटायचं की `wget` स्वतःच कंट्रोल-सी वाचतं आणि बंद पडतं. तसं नाही. टर्मिनलची खिडकी आणि आतला प्रोग्रॅम यांच्या मधे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक भाग बसलेला असतो, आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा. येणारा प्रत्येक बाइट त्याच्या नजरेखालून जातो. बहुतेक तो आत सोडतो. काही ठरावीक आकडे मात्र आत न सोडता तो स्वतः त्यावर कारवाई करतो. त्याच्याकडची यादी अशी बघता येते:

```
stty -a
```

बऱ्याच ओळी येतील. त्यातला हा तुकडा शोधा (मधल्या काही नोंदी मी गाळल्या आहेत):

```
intr = ^C; quit = ^\; eof = ^D;
start = ^Q; stop = ^S; susp = ^Z; lnext = ^V;
```

`intr = ^C` म्हणजे ३ आला की समोर चालू असलेल्या कामाला थांबण्याचा सिग्नल द्या. "कामाला" म्हणालो, कारण सिग्नल एका प्रोग्रॅमला जात नाही. दोन-तीन कमांड उभ्या दांडीने जोडून चालवल्या असतील तर त्या सगळ्यांना एकदम जातो.

मधे हा वॉचमन असल्यामुळेच अडकून पडलेला, कीबोर्डकडे ढुंकूनही न बघणारा प्रोग्रॅमसुद्धा कंट्रोल-सीने थांबतो. मात्र सिग्नल हा निरोप आहे, गोळी नव्हे. प्रोग्रॅमला तो पकडून आवराआवर करता येते किंवा साफ दुर्लक्षही करता येतं. पायथनमध्ये `KeyboardInterrupt` दिसतं ते याच निरोपाचं रूप. कंट्रोल-सीला दाद न देणारा प्रोग्रॅम भेटला तर कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ, म्हणजे यादीतलं `quit = ^\`, दाबून बघा. तो सिग्नल जास्त खडूस आहे.

काही प्रोग्रॅम सुरू होताच वॉचमनला बाजूला करतात आणि सगळे बाइट स्वतः वाचतात. `nano` मध्ये कंट्रोल-सी दाबलं तर कर्सर कितव्या ओळीवर आहे ते कळतं. `vim` मध्ये टाइप करताना दाबलं तर टाइप करण्याच्या अवस्थेतून बाहेर पडता येतं. दोन्ही ठिकाणी कॉपी होत नाही आणि प्रोग्रॅमही बंद होत नाही.

## ४. मग कॉपीसाठी सीच का निवडलं

टर्मिनलने आपलं बटण पळवलं असं वाटतं, पण घटनाक्रम उलटा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या मोठ्या यंत्रांवर कंट्रोल-सीने काम थांबवण्याची पद्धत १९६० च्या दशकापासूनची. सुरुवातीच्या युनिक्समध्ये थांबवण्याचं बटण डिलीट होतं, कंट्रोल-सी तिथे नंतर रुळलं.

कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं या कामाला लागली. पण ती कंट्रोलबरोबर नव्हती, ॲपलच्या वेगळ्या बटणाबरोबर होती. आज त्याला कमांड म्हणतात.

म्हणूनच मॅकच्या टर्मिनलमध्ये हे भांडण कधी झालंच नाही. कमांड-सीने कॉपी, कंट्रोल-सीने थांबवणं. दोघं आपापल्या घरी सुखी.

पीसीच्या कीबोर्डवर तसं वेगळं बटण नव्हतं. सुरुवातीच्या विंडोजमध्ये कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट होतं. नंतर मॅकची अक्षरं कंट्रोलवर आणून बसवली आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूशी टक्कर झाली. बाकी सगळीकडे नवा भाडेकरू जिंकला, टर्मिनलमध्ये जुन्याने घर सोडलं नाही.

## ५. आता कॉपी-पेस्ट करा

उबंटू आणि बहुतेक लिनक्स टर्मिनल. माउसने सिलेक्ट करा, कंट्रोल-शिफ्ट-सी. पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. उजव्या क्लिकच्या मेनूतही कॉपी आणि पेस्ट असतं. पहिले काही दिवस तेच वापरलंत तरी कुणी हसणार नाही.

लिनक्सवर आणखी एक रस्ता आहे आणि नवख्यांना तोच गोंधळात टाकतो. माउसने मजकूर नुसता सिलेक्ट केला की तो एका दुसऱ्या, वेगळ्या जागी आपोआप ठेवला जातो, आणि माउसचं मधलं बटण (चाक) दाबलं की तो पेस्ट होतो. नेहमीचा क्लिपबोर्ड वेगळा, हा वेगळा. दोन खिसे समजा. उबंटूच्या टर्मिनलमध्ये शिफ्ट-इन्सर्ट या दुसऱ्या खिशातून काढतं. त्यामुळे "मी ब्राउझरमधून कॉपी केलं एक आणि शिफ्ट-इन्सर्टने आलं भलतंच" असं झालं तर मशीन बिघडलेलं नाही, तुम्ही चुकीच्या खिशात हात घातलात. त्या फाइलच्या नावाच्या वेळी मला कंट्रोल-सी दाबायची गरजच नव्हती. नाव सिलेक्ट केलं होतं, चॅटच्या खिडकीत मधलं बटण दाबलं असतं तर तेवढ्याने झालं असतं.

विंडोज टर्मिनल. इथे मधला मार्ग काढला आहे. काही सिलेक्ट केलेलं असेल तर कंट्रोल-सी कॉपी करतं, नसेल तर चालू काम थांबवतं. कंट्रोल-व्हीने पेस्ट. शिफ्टवाली बटणंही चालतात. सोयीचं वाटतं, पण यात एक खड्डा आहे. कॉपी झाली की सिलेक्शन सुटतं. "कॉपी झालं असेल ना?" म्हणून खात्रीसाठी दोनदा कंट्रोल-सी दाबायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. पहिल्यांदा कॉपी होतं, दुसऱ्यांदा काम मरतं. सवय मोडत नसेल तर विंडोजवरही शिफ्टवालंच बटण वापरा.

पुट्टी, म्हणजे विंडोजवरून दूरच्या सर्व्हरला जोडून देणारं टर्मिनल. सिलेक्ट केलं की कॉपी झालं, उजवी क्लिक केली की पेस्ट झालं. मेनू उघडेल या अपेक्षेने उजवी क्लिक करू नका.

ब्राउझरमधलं टर्मिनल. क्लाउडवरच्या मशीनचं टर्मिनल ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडलं असेल आणि कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं, तर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये वेब पानाची चिरफाड करणारा डेव्हलपरांचा कप्पा उघडू शकतो. घाबरू नका, बंद करा आणि उजव्या क्लिकने किंवा कंट्रोल-इन्सर्टने कॉपी होतं का बघा.

माउसने सिलेक्टच होत नसेल तर. `vim` किंवा `tmux` माउस स्वतःकडे घेऊन बसलेलं असू शकतं. शिफ्ट दाबून धरा आणि मग माउस ओढा. खिडकीला माउस परत मिळतो.

आउटपुट लांबलचक असेल तर माउसच्या नादाला लागू नका, कमांडलाच थेट क्लिपबोर्डमध्ये ओतायला सांगा. आधी `wl-clipboard` हे पॅकेज घाला. ते वेलँड या नव्या ग्राफिकल पडद्याच्या पद्धतीवर चालतं. जुन्या एक्स-विंडो पद्धतीवर असाल तर `xclip`.

```
ls -l | wl-copy
ls -l | xclip -selection clipboard
```

दोन्हींपैकी तुमच्याकडे चालेल ती एकच ओळ वापरा. `xclip` ला `-selection clipboard` सांगायचं विसरलात तर तो मजकूर त्या दुसऱ्या खिशात जातो, आणि कंट्रोल-व्ही दाबून तुम्ही वाट बघत बसता.

## ६. पेस्ट करण्याआधी एक श्वास

कॉपी चुकली तर फार तर चालू काम थांबतं. पेस्ट चुकलं तर नको ती कमांड चालू शकते. वेबवरून ओळ उचलताना शेवटचा एंटरही तिच्याबरोबर उचलला जातो, आणि टर्मिनलच्या दृष्टीने तो तुम्ही दाबलेला एंटरच. पाच ओळी पेस्ट केल्या तर तुम्ही वाचायच्या आत चार चालूनही जातील.

यावर उपाय निघाला आहे. आजची टर्मिनलं पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी आणि नंतर एक अदृश्य खूण पाठवतात. शेलला त्यावरून कळतं की हे टाइप केलेलं नाही, पेस्ट केलेलं आहे, आणि तुम्ही स्वतः एंटर दाबेपर्यंत ते थांबतं. बॅश या उबंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये ५.१ आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं. तुमची आवृत्ती `bash --version` ने बघा. जुन्या सर्व्हरवर हे संरक्षण नसतं. तिथे मी मजकूर आधी साध्या एडिटरमध्ये पेस्ट करतो, वाचतो, एकेक ओळ उचलतो. `sudo` ने सुरू होणारी ओळ असेल तर कुठल्याही मशीनवर हेच करतो.

## ७. सवयीने दाबली जाणारी इतर बटणं

आता `stty -a` ची यादी पुन्हा बघा. कॉपीशिवाय आपल्या हाताला बसलेली आणखी तीन बटणं तिथे आहेत.

कंट्रोल-एस. सेव्ह करायला दाबलंत आणि टर्मिनल गोठलं. काही टाइप केलं तरी दिसत नाही. पडद्यावर येणारा मजकूर अडवण्याचं हे जुनं बटण. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं सुटेल. मधल्या वेळात टाइप केलेलंही एकदम उमटेल, म्हणून गोठलेलं असताना रागारागाने काहीही टाइप करू नका.

कंट्रोल-झेड. अनडू म्हणून दाबलंत आणि `Stopped` असा शब्द दिसला. काम मेलेलं नाही, पेंगतंय. `fg` टाइप करा, परत समोर येतं. हे न कळल्याने एकच प्रोग्रॅम पाच वेळा सुरू करून पाच प्रती पेंगत ठेवलेले लोक मी पाहिले आहेत.

कंट्रोल-व्ही. हे सगळ्यात छुपं. `lnext` म्हणजे "पुढचं बटण जसंच्या तसं घे, अर्थ लावू नको". दुसऱ्या पायरीत कंट्रोल-सी दाबूनही `od` मेलं नाही ते यामुळेच. वॉचमनला आधीच सांगितलं होतं की पुढच्याला हटकू नकोस.

यातून होणारा घोळ एकदा सविस्तर बघू, कारण त्याने मी अर्धा तास घालवला होता. मी `git clone` आणि त्यापुढे एक स्पेस टाइप केली, पत्ता पेस्ट करायला सवयीने कंट्रोल-व्ही दाबलं. काही झालं नाही. "अरे हो, शिफ्ट" म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं. ओळ अशी दिसली:

```
git clone ^[[200~https://example.com/kaam.git~
```

एंटर दाबला तर गिटने असला पत्ता घ्यायला नकार दिला. मला वाटलं पत्ताच चुकीचा आहे, म्हणून पुन्हापुन्हा ब्राउझरमध्ये जाऊन कॉपी करत राहिलो. पत्ता बरोबर होता. झालं असं की कंट्रोल-व्हीने शेलला सांगितलं, "पुढचा बाइट जसाच्या तसा घे". पुढचा बाइट होता सहाव्या पायरीतल्या त्या अदृश्य खुणेचा पहिला बाइट. तो साध्या अक्षरासारखा ओळीत बसला, खूण तुटली आणि तिचा उरलेला `[200~` हा भाग मजकूर म्हणून छापला गेला. शेवटच्या खुणेचं शेपूटही `~` म्हणून मागे चिकटलं.

ओळीत कुठेही `200~` दिसलं की एवढंच करा: कंट्रोल-सी दाबून ओळ टाकून द्या, नव्याने टाइप करा आणि या वेळी थेट कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा.

## ८. बटणं बदलून टाकावीत का

बदलता येतात. टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट असतात, तिथे कॉपीला साधं कंट्रोल-सी देता येतं. पण मग खिडकी ते अडवणार, ३ आत जाणारच नाही, आणि अडकलेला प्रोग्रॅम थांबवायला तुमच्याकडे नेहमीचं बटण उरणार नाही. थांबवण्याचं बटणही हलवता येतं, जसं की:

```
stty intr ^T
```

हे त्या एका टर्मिनलपुरतं राहतं आणि ते बंद केलं की जातं. कायमचं करायला `~/.bashrc` मध्ये लिहावं लागेल. मी दोन्ही करून पाहिलं आणि महिन्याभरात काढून टाकलं. माझ्या मशीनवर हात बसला आणि ऑफिसच्या सर्व्हरवर अडकलेली कमांड थांबवायला मी बावळटासारखा कंट्रोल-टी दाबत बसलो.

`kitty` नावाच्या टर्मिनलमध्ये त्यातल्या त्यात शहाणा पर्याय आहे. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ही ओळ टाकली की विंडोज टर्मिनलसारखं वागणं मिळतं, म्हणजे सिलेक्शन असेल तर कॉपी, नसेल तर थांबवणं:

```
map ctrl+c copy_or_interrupt
```

मी मात्र उलटं केलं. टर्मिनल आहे तसं ठेवलं आणि लांबणारी कामं अशी लावायला लागलो, की चुकून कंट्रोल-सी दाबलं गेलं तरी थोडक्यात निभावेल. डाउनलोडला नेहमी `wget -c`, मोठी फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला `rsync --partial`, आणि तासभर चालणारं काही असेल तर त्याला एक वेगळी खिडकी, जिच्यात मी कॉपी करायला जात नाही.